फाटलेल्या आभाळाला ठिगळ

वाईजवळच्या मेणवली घाटावर 1970च्या दशकात काढलेला एक घरगुती फोटो आहे. कृष्णेच्या पायऱ्या, त्यांवर धोतर-टोपीतले एक गृहस्थ आणि त्यांच्या दोन मुली, उजवीकडून आत डोकावणारी झाडाची फांदी, आणि वरचा जवळजवळ निम्मा भाग नुसतं आभाळ. फोटोची प्रिंट कधीच हरवली, पण 35 मिलिमीटरची निगेटिव्ह राहिली. ती पूर्व जर्मनीतल्या ऑर्वो कंपनीची एनपी 22, म्हणजे त्या काळी आपल्याकडे सहज मिळणारी 125 एएसएची कृष्णधवल फिल्म. पुढे कित्येक पावसाळे ती एका पत्र्याच्या डब्यात पडून होती. दमट हवेत बुरशीला फिल्मवरचं जिलेटिन फार आवडतं. जिथं जिलेटिन गेलं तिथं त्यात अडकलेली चांदीही गेली आणि आभाळाच्या मधोमध निगेटिव्ह कोरी, पारदर्शक झाली. स्कॅन करून उलटी केल्यावर तिथं काळाकुट्ट डाग दिसतो.

डाग फिल्मवर जेमतेम अडीच मिलिमीटरचा आहे. 3200 डीपीआयला स्कॅन केल्यावर अख्खा फोटो सुमारे साडेचार हजार बाय तीन हजार पिक्सेलचा होतो आणि डाग तीनशे पिक्सेल रुंद. मागे काय होतं याबद्दल शंका नाही, नुसतं आभाळ होतं. काही रंगवायचं नाही, कुणाचा चेहरा आठवून काढायचा नाही. तरीही फोटो दुरुस्त करणारे लोक असल्या जागेला वचकून असतात. भिंतीवरच्या पोपड्यांत किंवा झाडाच्या पानांत ठिगळ लपतं. आभाळात लपायला काही नसतं. तिथं असतात ते फक्त फिल्मचे दाणे, आणि ठिगळाचा सांधा पकडून देतात तेही तेच.

हे दाणे म्हणजे नेमकं काय, हे आधी पाहायला हवं, कारण पुढची सगळी युक्ती त्यावरच उभी आहे. कृष्णधवल फिल्मवरचं चित्र चांदीच्या कणांचं असतं. एकेक कण साधारण एखाद्या मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. आपल्या स्कॅनमधला एक पिक्सेल फिल्मवर आठ मायक्रॉनचा आहे. तेव्हा स्कॅनमध्ये सुटा कण दिसणं शक्यच नाही. दिसते ती गर्दी. कण जिलेटिनमध्ये वाटेल तसे विखुरलेले असतात, त्यामुळे एका पिक्सेलच्या वाट्याला थोडे जास्त येतात, शेजारच्याच्या वाट्याला थोडे कमी. हा चढउतार आपल्याला खरखरीत पोत म्हणून दिसतो. स्कॅनरचं भिंगही थोडं पसरवतं, त्यामुळे एक ठिपका दोन-तीन पिक्सेलचा भासतो.

यातून आणखी एक गोष्ट निघते. जिथं चांदी जास्त, तिथं चढउतारही जास्त. निगेटिव्हमध्ये आभाळ दाट असतं, म्हणून या फोटोत आभाळ सगळ्यात खरखरीत आहे आणि पायऱ्यांखालची सावली जवळजवळ गुळगुळीत. हे नुसतं डोळ्यांनी ठरवायचं कारण नाही. जिंप किंवा फोटोशॉपमध्ये सपाट भागाची छोटी चौकट निवडून हिस्टोग्राम उघडला की `Mean` आणि `Std dev` असे दोन आकडे दिसतात. पहिला सरासरी करडेपणा. दुसरा, पिक्सेल त्या सरासरीपासून साधारण किती भरकटतात, म्हणजेच दाण्यांचा जोर. शून्य ते 255 या मापात आभाळाची सरासरी 180च्या आसपास आणि जोर 9 होता. सावलीत सरासरी 55, जोर 4. चौकट लहान आणि खरोखर सपाट असायला हवी, नाहीतर आभाळाचा खालून वर बदलत जाणारा उजेडही त्या आकड्यात मिसळतो.

आता सगळे करतात तो उपाय. डागाशेजारचा आभाळाचा तुकडा उचलायचा, डागावर ठेवायचा आणि कडा मऊ करायच्या. मऊ कड म्हणजे काही पिक्सेलच्या पट्ट्यात ठिगळ हळूहळू विरळ होत जातं आणि मूळ चित्र हळूहळू गडद होत जातं. ऐकायला हे रास्त वाटतं. दाढीच्या खुंटापासून साडीच्या काठापर्यंत इतर सगळीकडे हे चालतंही. आभाळात मात्र ठिगळाभोवती एक पुसट, गुळगुळीत कडं उमटतं. आतला भाग खरखरीत, बाहेरचा भाग खरखरीत आणि मधे कुणी बोट फिरवून पुसल्यासारखा पट्टा. डोळा त्या पट्ट्याचा आकार लगेच ओळखतो, आणि तो आकार ठिगळाचाच असतो. मग माणूस कड आणखी मऊ करतो आणि कडं आणखी रुंद होतं.

यामागचं गणित सापशिडीच्या फाशांचं आहे. एक फासा टाकला की 1 किंवा 6 पडण्याची शक्यता 3 पडण्याइतकीच. दोन फासे टाकून सरासरी काढली तर मात्र ती बहुतेक वेळा साडेतीनच्या आसपास घुटमळते, कारण एकाचं मोठं दान दुसऱ्याचं लहान दान खाऊन टाकतं. मऊ कडेच्या मध्यावर हेच होतं. प्रत्येक पिक्सेल निम्मा इथल्या दाण्याचा, निम्मा तिथल्या दाण्याचा. दोन्ही दाण्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, म्हणून ते एकमेकांना खातात. जोर निम्मा होत नाही, पण दोनाच्या वर्गमुळाने भागला जातो. 9 चा 6.4 होतो. सुमारे तीस टक्के घट, आणि एरवी एकसारख्या आभाळात ती ठळक दिसते. मऊ टोकाच्या ब्रशने क्लोन केलं तरी तेच, कारण ब्रशची मऊ कड हा त्याच मिश्रणाचा दुसरा अवतार आहे. एकाच जागेवरून चार वेळा मऊ ब्रश फिरवला तर चार थर मिसळतात आणि जागा मेणासारखी होते.

म्हणजे कड मऊही हवी आणि कडकही. उजेडासाठी मऊ हवी, कारण डागाच्या डावीकडचं आभाळ उजवीकडच्यापेक्षा किंचित उजळ आहे आणि कडक कडेला ती पायरी दिसेल. दाण्यांसाठी कडक हवी, कारण मिसळले की ते मरतात. एकाच थरावर दोन्ही साधत नाही. तेव्हा उजेड आणि दाणे वेगळे करायचे, प्रत्येकाचा सांधा त्याच्या पद्धतीने जोडायचा आणि पुन्हा एकावर एक ठेवायचे. फुकट मिळणाऱ्या जिंपमध्ये यासाठी नेमक्या याच कामाच्या दोन मिश्रणपद्धती आहेत. त्यांची नावं `Grain extract` आणि `Grain merge`.

त्याआधी डाग कच्चा भरून घ्यायचा. ही पायरी लोक गाळतात आणि पुढे पस्तावतात. चित्र धूसर करताना प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्यांचा रंग घेतो. डाग काळाच ठेवून धूसर केलं तर त्याचा काळेपणा आजूबाजूच्या चांगल्या आभाळात झिरपतो आणि तिथून बाहेर काढणं कठीण. म्हणून आजूबाजूचं कसंही आभाळ क्लोन करून डाग बुजवायचा. दिसायला वाईट असलं तरी चालेल, करडेपणा जवळपास जुळला म्हणजे झालं.

मग थराची एक प्रत काढायची आणि ती `Filters > Blur > Gaussian Blur` ने धूसर करायची. किती, हा खरा प्रश्न. दाणा दोन-तीन पिक्सेलचा आहे म्हणून तीन पिक्सेल पुरेत असं वाटतं, पण पुरत नाहीत. दाण्यांचे चढउतार फक्त बारीक नसतात. योगायोगाने गर्दी झालेल्या जागा वीस-तीस पिक्सेलच्या मापातही असतात आणि लांबून पाहिल्यावर आभाळ जे किंचित ढगाळ, जिवंत दिसतं ते त्यांच्यामुळे. कमी धूसर केलं तर हे मोठे चढउतार उजेडाच्या थरात राहतात आणि तिथं आपण गुळगुळीत रंगवलं की नाहीसे होतात. मग ठिगळ जवळून बरोबर दिसतं, पण लांबून फार स्वच्छ. मोकळ्या आभाळासाठी म्हणून मी 25 पिक्सेल घेतो. फांदीजवळ हा आकडा चालत नाही, त्याकडे नंतर येऊ.

धूसर थर वर ठेवून त्याची मिश्रणपद्धत `Grain extract` केली की पडद्यावर करडं पान उरतं आणि त्यावर फक्त दाणे. `Layer > New from Visible` ने या पानाचा वेगळा थर करायचा, त्याला `Grain merge` द्यायचं, आणि खालच्या धूसर थराची पद्धत पुन्हा `Normal` करायची. काहीही न बदलता हे दोन थर एकमेकांवर ठेवले तर मूळ फोटो जसाच्या तसा दिसायला हवा. दिसला नाही तर कुठंतरी चुकलं आहे आणि पुढे जाण्यात अर्थ नाही.

उजेडाचं काम आता सोपं. धूसर थरावर दाणेच नाहीत, त्यामुळे मऊ ब्रश, मऊ निवड, डावीकडून उजवीकडे जाणारी हलकी छटा, काय हवं ते वापरा. इथं मिसळण्याने काही मरत नाही.

दाण्यांच्या पानावर नियम उलटा. त्याच आभाळातल्या, जवळपास तितक्याच उजळ भागातून दाण्यांचा एक सलग तुकडा घ्यायचा आणि कडक कडेने डागावर ठेवायचा. कडक कड म्हणजे रेघ दिसेल अशी धास्ती वाटते. पण या पानावर उजेडाचा फरक उरलेलाच नाही, दोन्ही बाजूंना तेच करडेपण आणि तोच जोर. सांध्यावर काही दाणे अर्धे कापले जातात, आणि मुळातच वेड्यावाकड्या असलेल्या गर्दीत अर्धा दाणा कोण शोधणार. दाणे जाड असतील, चार-पाच पिक्सेलचे, तर निवडीची कड हाताने वेडीवाकडी काढावी आणि पिक्सेलभर मऊ ठेवावी. दाण्याच्या रुंदीपेक्षा कमी मऊपणाने जोर फारसा घटत नाही.

तुकडा उचलताना दोन पथ्यं. एक, तो फिरवायचा नाही आणि लहानमोठा करायचा नाही. तीन अंशांनी जरी फिरवला तरी नवे पिक्सेल जुन्या पिक्सेलांच्या मधल्या जागी पडतात आणि संगणक शेजाऱ्यांची सरासरी काढून ते भरतो. म्हणजे पुन्हा तेच फासे. दीडपट मोठा केला तर दाणेही दीडपट होतात आणि आभाळाच्या मधोमध वेगळ्याच जातीची फिल्म बसते. आडवा आरसा करायला हरकत नाही, कारण त्यात पिक्सेल फक्त जागा बदलतात. दुसरं, एकच लहान तुकडा पुन्हा पुन्हा लावायचा नाही. दाण्यांत एखादी ठळक गाठ असतेच, आणि तीच गाठ ओळीने तीनदा आली की डोळा तिथं अडकतो.

पुरेसं शाबूत आभाळच उरलं नसेल तर दाणे तयार करावे लागतात. इथं नेहमी होणारी फसगत म्हणजे संगणकाची ‘नॉइज’ तशीच वापरणं. तिच्यात प्रत्येक पिक्सेल शेजाऱ्याशी संबंध न ठेवता वरखाली होतो, म्हणून ती बारीक, कोरडी, टोचणारी दिसते. फिल्मचा दाणा दोन-तीन पिक्सेलभर पसरलेला असतो. तेव्हा नॉइज करड्या थरावर टाकून साधारण एक पिक्सेलने धूसर करायची. पण धूसर करताना तिचा जोर घटून जेमतेम 28 टक्के उरतो. आपल्याला 9 हवा असेल तर सुरुवात 32च्या आसपास करावी लागते. मग हिस्टोग्राम उघडून जोर खऱ्या आभाळाशी ताडून पाहायचा.

जोर जुळला म्हणजे काम झालं असं मात्र नाही, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. समजा ठिगळातले दाणे एका पिक्सेलचे आणि खरे दाणे तीन पिक्सेलचे आहेत, पण दोन्हींचा जोर 9. मोठ्या पडद्यावर शंभर टक्के मापात पाहिलं तर ठिगळ थोडं कोरडं वाटेल, इतकंच. आता तोच फोटो नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवायला चौथाई मापात लहान करा. लहान करणं म्हणजे चार बाय चार पिक्सेलांची सरासरी. बारीक दाण्यांत सोळा स्वतंत्र फाशांची सरासरी निघते आणि ते जवळजवळ विरून जातात. जाड दाणे सरासरीतही बरेच टिकतात. पडद्यावर लपलेलं ठिगळ फोनवर गुळगुळीत डाग होऊन बाहेर येतं. म्हणून तपासणी दोन मापांत करायची: शंभर टक्क्यांत आणि पंचवीस टक्क्यांत. जवळून दाण्याच्या जातीतला फरक दिसतो, लांबून उजेडातला आणि मोठ्या चढउतारांतला.

आणखी एक कठोर परीक्षा घ्यावी. सगळं एकत्र केलेल्या प्रतीवर `Colors > Curves` मध्ये आभाळाच्या करडेपणापाशी वक्र जवळजवळ उभा करायचा. चित्र भयानक दिसतं, पण 180 आणि 182 यांतला फरकही काळा-पांढरा होऊन समोर येतो. सांधा इथं दिसला नाही तर छापल्यावर दिसणार नाही. फोटोला धार द्यायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, पूर्ण चित्राला एकदम. आधी धार दिलेल्या फोटोला बिनधारेचं ठिगळ लावलं तर दाण्यांची जात पुन्हा वेगळी पडते. याच कारणासाठी स्कॅन करतानाच स्कॅनरची धार बंद ठेवायची, 16 बिटमध्ये टिफ साठवायची आणि जेपेग टाळायचं. जेपेग चित्राचे आठ बाय आठ पिक्सेलचे चौकोन करून बारीक तपशील छाटतं, आणि त्याच्या दृष्टीने सगळ्यात बिनमहत्त्वाचा तपशील म्हणजे दाणेच.

स्कॅनरवर धूळ आपोआप काढणारं बटण असतं, ते का वापरू नये असं पुष्कळजण विचारतात. ते बटण अवरक्त किरणांवर चालतं. रंगीत निगेटिव्हमधले रंग या किरणांना आरपार जाऊ देतात आणि धूळ, ओरखडे अडवतात, म्हणून यंत्राला दोष वेगळा दिसतो. कृष्णधवल फिल्ममध्ये चित्र स्वतःच चांदीचं, आणि चांदीही हे किरण अडवते. यंत्राला सगळं चित्रच धूळ वाटतं. त्यामुळे कृष्णधवल निगेटिव्हचं काम अजून हातावरच चालतं.

हाताचं हे काम संगणकाच्या फार आधीचं आहे. स्टुडिओत प्रिंटवरच्या पांढऱ्या ठिपक्यांवर बारीक ब्रशने रंग लावला जाई, त्याला स्पॉटिंग म्हणत. त्यात फराटा मारायचा नसे. जवळजवळ कोरड्या ब्रशच्या टोकाने ठिपक्याशेजारी ठिपका ठेवत जागा भरायची, कारण फराट्याचा सपाट रंग दाण्यांमध्ये उठून दिसतो. काचेच्या मोठ्या निगेटिव्हवरून थेट कागदावर काढलेल्या प्रिंटमध्ये मात्र दाणे जवळजवळ नसतातच, कारण चित्र मोठं केलेलं नसतं. अशी जुनी प्रिंट स्कॅन केली की जो पोत दिसतो तो बहुधा कागदाचा असतो. तिथं फिल्मचे दाणे पेरणारा माणूस नवाच दोष पेरतो. कागदाचा पोत रेशमी किंवा जाळीदार असेल तर त्याला दिशा असते आणि ठिगळ आरसा करूनही चालत नाही.

आता फांदी. डागाचा उजवा कोपरा तिला जेमतेम शिवलेला होता. फांदी काळी, आभाळ उजळ. 25 पिक्सेलने धूसर केलं की फांदीचा काळेपणा आभाळात पसरतो, आणि वजाबाकीत दाण्यांच्या पानावर फांदीची उजळ-काळी सावली राहते. तिथून दाणे उचलले तर आभाळात फांदीचं भूत उगवतं. उजेड आणि दाणे वेगळे होतात हे खरं, पण फक्त सपाट जागी. ठसठशीत कडेला ते एकमेकांत गुंतलेलेच राहतात. तपशिलाने भरलेल्या चेहऱ्यावर तर ही युक्ती जवळपास निरुपयोगी, कारण पापणीचा केस आणि दाणा एकाच मापाचे असतात.

हीलिंग ब्रश इथं वाचवील असं वाटतं. दाणे एकीकडून आणि उजेड ठिगळाच्या कडेवरून घेण्याची त्याची रीत लहान ओरखड्यांवर फारच छान चालते. पॅट्रिक पेरेझ आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 2003 साली मांडलेली अशाच तऱ्हेची एक पद्धत प्रसिद्ध आहे. पण कडेवरून उजेड घेताना ती फांदीचाही काळेपणा घेते आणि आभाळात धुरकट फराटा सोडते. म्हणून फांदीपाशी निवडीची कड फांदीच्या काठानेच काढली, आभाळाचं ठिगळ फांदीला न शिवता तिच्या पिक्सेलभर अलीकडे थांबवलं, आणि तिच्यात गेलेला तीन-चार पिक्सेलचा तुकडा त्याच फांदीच्या पुढच्या भागातून दाण्यांसकट, वेगळं न करता, कडक ब्रशने आणला. आभाळातला मोठा सांधा कर्व्ह्‌जच्या परीक्षेतही सापडला नाही. फांदीजवळचा हा छोटा तुकडा शंभर टक्क्यांत पाहिला तर सापडतो, आणि पाच बाय सातच्या प्रिंटवर सापडत नाही. कुटुंबाला पाच बाय सातच हवी होती. थर सुटे ठेवलेली फाइल आणि अस्पर्श स्कॅन, दोन्ही त्यांना प्रिंटबरोबर दिले.